प्लॉटवर सकाळचं ऊन येतं का? सूर्याची दिशा आणि सावलीची लांबी काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा नकाशा काढायला बसलेले लोक हे प्रश्न पाठवत असतात. बहुतेक लातूर, बीड, परभणी, नांदेड या बाजूचे आहेत आणि ३० बाय ५० किंवा त्याच्या आसपासच्या प्लॉटवर बांधणारे आहेत. उत्तरांमधले आकडे लातूरचे धरले आहेत. गाव बदललं की काय बदलतं ते प्रश्न ११ मध्ये आहे. जिथे ‘ऊन’ म्हटलंय तिथे थेट पडणारं ऊन समजा. नुसता उजेड उत्तरेच्या खोलीतही असतो, त्याचा हिशेब वेगळा.

१. आमचा प्लॉट पूर्वमुखी आहे. म्हणजे सकाळचं ऊन मिळणारच ना?

तसं धरून चालू नका. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. लातूरला २१ डिसेंबरला तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि २१ जूनला तेवढाच उत्तरेकडे सरकून. थंडीत, म्हणजे उन्हाची खरी ओढ असते तेव्हा, सकाळी नऊ वाजता सूर्य चक्क आग्नेयेला असतो. त्यामुळे ‘पूर्वेला काय आहे’ यापेक्षा ‘आग्नेयेला काय आहे आणि ते किती उंच आहे’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. पूर्वेला मोकळं मैदान आणि आग्नेयेच्या कोपऱ्यावर तीन मजली इमारत असेल, तर डिसेंबरमध्ये तुमचा पूर्वमुखी प्लॉट दहा वाजेपर्यंत सावलीत असू शकतो.

२. नेमकं मोजायचं काय? दिगंश आणि उन्नतांश म्हणजे काय?

दोन कोन लागतात. दिगंश म्हणजे सूर्य कुठल्या दिशेला आहे ते. उत्तर ० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, असं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं. उन्नतांश म्हणजे तो क्षितिजापासून किती वर आलाय ते. क्षितिजावर ०, डोक्यावर ९०.

सावली दिगंशाच्या बरोबर उलट दिशेला पडते आणि तिची लांबी उन्नतांशावर ठरते: लांबी = उंची ÷ टॅन (उन्नतांश). सूर्य ४५ अंशांवर असला की सावली उंचीइतकी. २५ अंशांवर असला की उंचीच्या दुप्पट आणि वर थोडी. बाकी सगळं गणित हे दोन कोन काढण्यासाठीच आहे.

३. घड्याळात नऊ वाजले की सूत्रात नऊ टाकायचे, एवढंच ना?

नाही. पुष्कळांचं गणित इथेच फसतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि मराठवाडा त्याच्या बराच पश्चिमेला आहे. दर अंशामागे ४ मिनिटं, या हिशेबाने लातूरला (७६.५६ अंश) सूर्य घड्याळापेक्षा जवळपास २४ मिनिटं मागे असतो.

याखेरीज पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे सूर्याची स्वतःची चालही वर्षभर सारखी नसते. ही दुरुस्ती, म्हणजे कालसमीकरण, फेब्रुवारीच्या मध्याला उणे १४ मिनिटांपर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अधिक १६ मिनिटांपर्यंत. २१ डिसेंबरला ती जेमतेम दीड मिनिट असते. म्हणून त्या दिवशी लातूरला सूर्याचा मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २२ मिनिटांनी होतो आणि घड्याळातले नऊ म्हणजे सूर्याचे ८ वाजून ३८ मिनिटं.

दुरुस्ती विसरलात तर किती फरक पडतो? २४ फूट उंच इमारतीची नऊ वाजताची सावली ४३ फूट निघते. खरी असते ५१ फूट. हा ८ फुटांचा फरक म्हणजे एखाद्या खोलीची रुंदी.

४. मला त्रिकोणमिती येत नाही. शीटमध्ये सूत्रं कशी मांडू?

एक्सेल किंवा गूगल शीट्स, दोन्हींत खालची सूत्रं तशीच चालतात. B1 मध्ये अक्षांश, B2 मध्ये रेखांश, B3 मध्ये वर्षातला कितवा दिवस (२१ डिसेंबर म्हणजे ३५५), B4 मध्ये घड्याळाची वेळ दशांशात (साडेनऊ म्हणजे 9.5), B5 मध्ये अडथळ्याची उंची.

```
B6  =23.45*SIN(RADIANS(360*(284+B3)/365))
B7  =RADIANS(360*(B3-81)/365)
B8  =9.87*SIN(2*B7)-7.53*COS(B7)-1.5*SIN(B7)
B9  =B4+(4*(B2-82.5)+B8)/60
B10 =RADIANS(15*(B9-12))
B11 =DEGREES(ASIN(SIN(RADIANS(B1))*SIN(RADIANS(B6))
     +COS(RADIANS(B1))*COS(RADIANS(B6))*COS(B10)))
B12 =MOD(DEGREES(ATAN2(COS(RADIANS(B1))*SIN(RADIANS(B6))
     -SIN(RADIANS(B1))*COS(RADIANS(B6))*COS(B10),
     -COS(RADIANS(B6))*SIN(B10))),360)
B13 =B5/TAN(RADIANS(B11))
```

B6 ही सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, B8 कालसमीकरण मिनिटांत, B9 सूर्याची वेळ, B11 उन्नतांश, B12 दिगंश आणि B13 सावलीची लांबी. दोन ओळींत दिलेलं सूत्र एकाच खान्यात सलग टाकायचं. B6 आणि B8 ही कामचलाऊ सूत्रं आहेत, खगोलशास्त्राच्या परीक्षेला चालणार नाहीत. पण घराच्या भिंतीसाठी त्यांची चूक आपल्या टेपच्या चुकीपेक्षा कमी असते.

५. सावली ५१ फूट लांब निघाली आणि आमचा प्लॉट ३० फूटच रुंद आहे. म्हणजे पूर्ण प्लॉट अंधारात?

सावली तिरकी पडते, हे विसरायचं नाही. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला असल्यामुळे सावली वायव्येकडे जाते. तिचे दोन भाग करा: पश्चिमेकडे किती गेली (लांबी × साइन दिगंश) आणि उत्तरेकडे किती सरकली (लांबी × कोसाइन दिगंश, उणे चिन्ह सोडून). लातूरचे २१ डिसेंबरचे आकडे असे येतात. सावलीचे तिन्ही आकडे अडथळ्याच्या दर १ फूट उंचीमागे आहेत.

| घड्याळ | दिगंश | उन्नतांश | लांबी | पश्चिमेकडे | उत्तरेकडे |
|---|---|---|---|---|---|
| ८:०० | १२१° | १३.६° | ४.१ | ३.५ | २.१ |
| ९:०० | १२८° | २५.४° | २.१ | १.६५ | १.३ |
| १०:०० | १३९° | ३५.७° | १.४ | ०.९ | १.०५ |
| ११:०० | १५४° | ४३.६° | १.०५ | ०.४७ | ०.९४ |

२४ फुटांच्या इमारतीची नऊची सावली पश्चिमेकडे सुमारे ४० फूट जाते, हे खरं. पण त्याच वेळी ती ३१ फूट उत्तरेकडेही सरकलेली असते. म्हणजे शेजाऱ्याच्या घराच्या दक्षिण टोकापाशी, तुमच्या बाजूला, एक उजळ पट्टा सुटतो. तो पट्टा कुठे आणि किती रुंद, यावरच पुढचा निर्णय ठरतो.

६. एखादं पूर्ण उदाहरण सोडवून दाखवाल का?

लातूरचा एक नमुना प्लॉट घेऊ. पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिण-उत्तर ५० फूट, दक्षिणेला ३० फुटी रस्ता. पूर्वेला शेजाऱ्याचं एक मजला चढवलेलं घर आहे. पॅरापेटच्या माथ्यापर्यंत उंची २४ फूट, त्याची भिंत सामाईक हद्दीपासून ३ फूट आत, आणि दर्शनी भिंत रस्त्याच्या हद्दीपासून १० फूट मागे. मालकाच्या पहिल्या नकाशात पूर्वेला ३ फूट मोकळी जागा आणि पश्चिमेला ७ फुटांचा बोळ आहे. मोटारसायकली लावायला. झोपायची खोली पूर्वेच्या भिंतीला, मधोमध, खिडकी पूर्वेकडे, कारण ‘सकाळचं ऊन यावं’.

आधी खिडकीपुढची खरी उंची काढू. ऊन जमिनीवर नको आहे, खिडकीत हवं आहे. जोतं २ फूट आणि त्यावर खिडकीचा उंबरा ३ फूट, म्हणजे खिडकीचा तळ जमिनीपासून ५ फुटांवर. शेजाऱ्याची भिंत त्याच्या वर २४ − ५ = १९ फूट उरते. दोन भिंतींमधलं अंतर ३ + ३ = ६ फूट.

१९ फुटांची सावली पश्चिमेकडे ६ फुटांच्या आत यायला हवी, म्हणजे दर फुटामागे ०.३२. तक्त्यात अकरा वाजताही ०.४७ आहे. शीटमध्ये वेळ पुढे सरकवत गेलं की ०.३२ हा आकडा सुमारे ११ वाजून २५ मिनिटांनी येतो. तोवर सूर्य जवळपास दक्षिणेला पोचलेला असतो आणि पूर्वेच्या भिंतीला किरण नुसते घासून जातात. त्यातही छज्जा आडवा येतो, तो हिशेब प्रश्न ७ मध्ये आहे. थोडक्यात, या खिडकीत डिसेंबरात ऊन येणार नाही.

आता नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा करा: ७ फुटांचा बोळ पूर्वेला, ३ फूट पश्चिमेला. घराचं क्षेत्रफळ तेच, खर्च तोच. दोन भिंतींमधलं अंतर १० फूट झालं. तळमजल्याच्या खिडकीच्या तळाशी ऊन १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास पोचतं. पहिल्या मजल्यावर खिडकीचा तळ १५ फुटांवर असेल तर समोर फक्त ९ फूट भिंत उरते आणि ऊन ९ वाजून ४० मिनिटांनीच येतं. ६ फुटांचं अंतर ठेवलं असतं तर तिथेही साडेदहा वाजले असते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या दक्षिण कोपऱ्याची. नऊ वाजता सूर्याकडे पाहिलं तर दर १ फूट पूर्वेला गेल्यावर नजर ०.७९ फूट दक्षिणेकडे सरकते. १० फुटांच्या अंतराला हे ७.९ फूट होतं. म्हणजे शेजाऱ्याच्या दर्शनी भिंतीच्या रेषेपासून मागे ७.९ फुटांपर्यंतचा तुमच्या पूर्व भिंतीचा पट्टा नऊ वाजता कोपऱ्याबाहेरून येणाऱ्या उन्हात असतो. ६ फुटांचं अंतर असतं तर हा पट्टा ४.८ फूटच. आठ वाजता १० फुटांच्या अंतराला तो ६ फूट असतो. तेव्हा पूर्वेची खिडकी भिंतीच्या मधोमध न ठेवता दर्शनी कोपऱ्याकडे, पहिल्या ६ फुटांत घेतली, तर आठपासून ऊन मिळतं.

तिसरी गोष्ट लोक पाहतच नाहीत, ती म्हणजे दक्षिणेची खिडकी. समोरच्या रांगेत असंच २४ फुटी घर, १० फूट मागे घेतलेलं, धरलं तर दक्षिणेकडे अंतर १० + ३० + १० = ५० फूट मिळतं. १९ फुटांची आठ वाजताची सावली उत्तरेकडे २.१ × १९, म्हणजे ४० फूटच येते. दर्शनी दक्षिण खिडकीत डिसेंबरात आठच्या आधीपासून ऊन असतं. अट एकच, शेजाऱ्याचा पोर्च किंवा गॅलरी त्या रेषेपुढे आलेली नसावी. या प्लॉटवर मी झोपायची खोली आग्नेय कोपऱ्यात, दक्षिणेला मोठी आणि पूर्वेला कोपऱ्याजवळ लहान खिडकी देऊन घेईन. मध्ये जिना, बाथरूम आणि देवघर जाऊ शकतं.

७. छज्जामुळे ऊन अडतं का?

हो, आणि अरुंद बोळात पूर्णच अडतं. वरच्याच उदाहरणात दीड फुटाचा छज्जा आणि ४ फूट उंचीची खिडकी घ्या. शेजाऱ्याच्या माथ्यावरून ऊन यायचं तर ते फार उभं यावं लागतं आणि उभं ऊन छज्जा अडवतो. ६ फुटांच्या अंतराला दोन्ही अटी एकत्र मांडल्या तर ऊन छज्जाखाली ५ फुटांच्या पुढेच पोचतं. खिडकी ४ फुटांची आहे, म्हणजे कधीच नाही. १० फुटांच्या अंतराला ते साधारण २.६५ फुटांच्या खाली पोचतं, म्हणजे खिडकीचा खालचा सव्वा-दीड फुटाचा पट्टा थोडा वेळ उजळतो. कोपऱ्याबाहेरून येणारं ऊन आडवं असतं, त्याला छज्जाचा फारसा त्रास नाही.

दक्षिणेच्या खिडकीवर नऊ वाजता दीड फुटाचा छज्जा फक्त वरचा १.१ फूट झाकतो. छज्जा काढून टाकू नका, उन्हाळ्यात त्याचंच काम आहे (प्रश्न १५).

८. शेजाऱ्याच्या घराची उंची कशी मोजायची? गच्चीवर जाऊ देत नाहीत.

त्याच्याच सावलीवरून मोजा. सपाट जागेत ३ फुटांची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. काठीची सावली आणि पॅरापेटच्या माथ्याची सावली एकाच मिनिटाला टेपने मोजा. काठीची सावली ४ फूट आणि घराची ३२ फूट असेल, तर उंची ३ × ३२ ÷ ४ = २४ फूट. घराची सावली भिंतीच्या पायथ्यापासून, काठीच्या सावलीला समांतर मोजायची. सरळ काटकोनात मोजली की उंची कमी निघते. सावली मध्येच कुंपणावर चढत असेल तर वेळ बदला.

हे जमत नसेल तर बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजा आणि एका पायरीच्या उंचीने गुणा. पॅरापेट वेगळा धरायला विसरू नका. पाण्याची टाकी मात्र सोडून दिलीत तरी चालेल, तिची सावली अरुंद असते आणि खिडकीवरून लवकर सरकते.

९. हिशेब कुठल्या तारखेचा करायचा? संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, मग संक्रांत धरावी का?

सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो २१-२२ डिसेंबरला. पंचांगातली मकर संक्रांत आता १४-१५ जानेवारीला येते, तोवर सूर्य दोनेक अंश उत्तरेकडे परतलेला असतो. पण गंमत अशी, की सकाळच्या उन्हापुरती संक्रांतच जास्त कठीण तारीख आहे. जानेवारीच्या मध्याला कालसमीकरण उणे ९ मिनिटांवर गेलेलं असतं, त्यामुळे सूर्याचा मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांवर सरकतो आणि सूर्योदयही डिसेंबरपेक्षा उशिरा होतो. लातूरला घड्याळी नऊ वाजता २१ डिसेंबरला सूर्य २५.४ अंशांवर असतो, १४ जानेवारीला २४.५ अंशांवर. सावली २.१ पटीवरून २.२ पटीवर जाते.

शाळा-ऑफिस घड्याळावर चालतं, तेव्हा दोन्ही तारखा तपासा. जोडीला २१ मार्च आणि २१ जून घ्या. बाराही महिन्यांचे तक्ते काढत बसायची गरज नाही.

१०. नकाशावरचा उत्तरेचा बाण आणि मोबाइलचा कंपास जुळत नाहीत. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. लेआउटवरचा बाण पुष्कळदा अंदाजे काढलेला असतो, आणि मोबाइलचा कंपास सळया, बोअरचा केसिंग पाइप, उभी गाडी यांच्याजवळ सहज १०-१५ अंश बहकतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एखाद्या अंशाच्या आतला आहे, तेव्हा गोंधळ झाला तर दोष बहुधा लोखंडाचा.

खात्रीचा उपाय काठीचा. शीटमधून त्या दिवशीचा मध्यान्ह काढा, म्हणजे B9 मध्ये बरोबर 12 येईल ती घड्याळाची वेळ. त्या मिनिटाला काठीची सावली खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असते. चुन्याने रेघ ओढा आणि प्लॉटच्या हद्दीशी तिचा कोन मोजा. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस हे करू नका. लातूरला त्या दिवसांत मध्यान्हाचा सूर्य डोक्यावर येतो आणि सावली उरतच नाही.

११. आम्ही लातूरचे नाही. तक्ता चालेल का?

नांदेडला जवळपास तसाच चालतो. नांदेड थोडं उत्तरेला आहे, म्हणून सूर्य खाली. पण ते पूर्वेलाही आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या मानाने लवकर वर येतो. नऊ वाजताची डिसेंबरची सावली दोन्हीकडे २.१ पटच निघते. छत्रपती संभाजीनगर मात्र उत्तरेलाही आहे आणि पश्चिमेलाही, त्यामुळे तिथे उन्नतांश साडेतेवीस अंश आणि सावली २.३ पट. २४ फुटांच्या घरामागे साडेचार फुटांचा फरक. B1 आणि B2 मध्ये आपल्या गावाचे आकडे टाका, बाकी काही बदलायचं नाही.

बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून प्लॉट असेल तर सूर्य आधी डोंगरावर चढतो, मग तुम्हाला दिसतो. आग्नेयेच्या डोंगरमाथ्याचा कोन मोजा. सूर्याचा उन्नतांश त्याहून कमी असेतोवर शेजाऱ्याचा हिशेब निरर्थक आहे.

१२. आमचा प्लॉट दिशांना सरळ नाही, तिरका आहे. मग?

पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे, असे भाग पाडण्याऐवजी भिंतीचं तोंड ज्या दिगंशाकडे आहे तो घ्या. त्या भिंतीकडे येणारी सावली = लांबी × कोसाइन (सूर्याचा दिगंश − भिंतीचा दिगंश). भिंत ११० अंशांकडे, म्हणजे किंचित आग्नेयेकडे, तोंड करून असेल तर नऊ वाजता दर फुटामागे २.० येतं, सरळ पूर्वेला १.६५ आणि ७० अंशांकडे वळलेल्या भिंतीला १.१.

यावरून ७० अंशांची भिंत बरी, असं वाटेल. तसं नाही. तिच्याकडे सूर्य जेमतेम तिरका पाहतो आणि ११ वाजून २० मिनिटांच्या सुमारासच तिच्या मागे निघून जातो (सूर्याचा दिगंश भिंतीच्या दिगंशापेक्षा ९० अंशांनी पुढे गेला म्हणजे सूर्य मागे गेला, मोकळ्या जागेतसुद्धा). आग्नेयेकडे वळलेली भिंत सूर्याला समोरून घेते आणि तिच्यावर ऊन दुपारी १ वाजून २० मिनिटांपर्यंत टिकतं. समोर मोकळं असेल तर आग्नेयेकडचा तिरकेपणा थंडीत फायद्याचा आहे.

१३. शेजारचा प्लॉट सध्या रिकामा आहे. ऊन भरपूर येतं.

येतं तोवर घ्या, पण नकाशा त्यावर बेतू नका. तिथे नियमाने जास्तीत जास्त किती उंची आणि किती मोकळी जागा सोडून बांधता येईल, ते नगरपालिकेत किंवा तुमच्या इंजिनिअरकडून विचारून घ्या आणि ती इमारत उभी आहे असं समजून शीट चालवा. गुंठेवारीच्या वस्तीत हद्दीला चिकटून भिंती उठतात, तेव्हा तिथे मोकळी जागा शून्य धरलेली बरी. आपल्या बाजूला सोडलेली जागा एवढीच आपल्या हातात असते.

१४. जमीन उताराची आहे आणि रस्ता आमच्यापेक्षा वर आहे. काय फरक पडतो?

फक्त उंचीचा. सगळ्या उंच्या एकाच पातळीपासून मोजा, सोयीची पातळी म्हणजे तुमच्या खिडकीचा तळ. शेजाऱ्याचं जोतं तुमच्यापेक्षा ३ फूट वर असेल तर त्याचं २४ फुटांचं घर तुमच्यासाठी २७ फुटांचं आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढायची गवंड्याची पद्धत इथे पुरेशी आहे. काळ्या मातीत भराव टाकून जोतं उंच घेणारच असाल, तर त्यातला प्रत्येक फूट उन्हाच्या बाजूने मोजला जातो.

१५. मराठवाड्यात मुळातच एवढं ऊन. सकाळचं ऊन हवंच कशाला?

मेमध्ये नकोच असतं, आणि म्हणूनच दिशा पाहायची. २१ जूनला सूर्य लातूरला ६५ अंशांवर, म्हणजे ईशान्येच्या बाजूला उगवतो. मोकळ्या पूर्व भिंतीवर त्या दिवसांत सहा-सव्वासहापासून ऊन तापतं आणि आडवं असल्यामुळे छज्जा त्याला रोखू शकत नाही. दक्षिणेच्या भिंतीवर मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ऊन जवळपास पडतच नाही, कारण मध्यान्हालाही सूर्य उत्तरेकडे असतो. एप्रिलमध्ये पडतं ते इतकं उभं, की दीड फुटाचा छज्जा पुरतो.

म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते आणि उन्हाळ्यात आपोआप मिटते. पूर्वेची तसं करत नाही. वास्तूच्या कारणाने दक्षिणेला खिडकी नको म्हणणारे घरात असतील, तर त्यांना हा हिशेब दाखवा. ऐकतीलच असं नाही. मग प्रश्न ६ मधल्यासारखी पूर्वेची खिडकी दक्षिण कोपऱ्याकडे सरकवणं हा मधला मार्ग.

१६. शीटचं उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखू? डिसेंबर यायला वेळ आहे.

डिसेंबरची वाट पाहायची गरज नाही. आजची तारीख आणि आत्ताची वेळ टाका, B5 मध्ये काठीची उंची, आणि बाहेर जाऊन काठीची सावली मोजा. सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ चांगली. लांबी ५ टक्क्यांच्या आत आणि दिशा दोन-तीन अंशांच्या आत जुळली की शीट बरोबर आहे, आज जुळली म्हणजे डिसेंबरलाही जुळेल.

नाही जुळली तर चूक तिच्या रूपावरून कळते. भरदिवसा उन्नतांश उणे आला तर कुठेतरी RADIANS सुटलंय. सकाळी दिगंश १८० च्या पुढे येत असेल तर B12 च्या सूत्रात SIN(B10) असलेल्या भागाच्या आधीचं उणे चिन्ह गळलंय किंवा ATAN2 मधले दोन भाग उलटे पडलेत. सकाळी नऊला दिगंश ९० च्या आत येतोय आणि महिना डिसेंबर आहे, तर B3 मध्ये दिवसाचा क्रमांक चुकलाय. दिशा साधारण बरी पण मोजलेली सावली शीटपेक्षा रोज थोडी लांब निघत असेल, तर B2 तपासा. तिथे बहुधा ७६.५६ ऐवजी ८२.५ किंवा दुसऱ्याच गावाचा आकडा बसलेला असतो.